हेज असूनही एक्स्पायरीच्या सकाळी मार्जिन कमी का पडलं?

तिकोनाकर

मंडळी, एक गोष्ट समजून घ्यायची आहे. मी निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये पुट स्प्रेड करतो. गेल्या आठवड्यात निफ्टी २५,००० च्या आसपास असताना २४,८०० चा पुट ९० ला विकला आणि २४,६०० चा पुट ४५ ला घेतला, तीन लॉट. ब्रोकरने एका लॉटला साधारण ४५ हजार मार्जिन अडवलं, म्हणजे तिन्हींचं मिळून एक लाख छत्तीस हजारांच्या आसपास. खात्यात प्रीमियम धरून एक लाख सत्तर हजार होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

मंगळवारी सकाळी मेसेज आला की मार्जिन साधारण ६४ हजारांनी कमी आहे, पैसे भरा नाहीतर पोझिशन कापली जाईल. निफ्टी जागचा हलला नव्हता. दोन्ही पाय जागेवर होते. माझा जास्तीत जास्त तोटा ठरलेला आहे आणि तो मार्जिनच्या कितीतरी खाली आहे. मग ही वाढ आली कुठून? नेकेड शॉर्ट करणाऱ्यांना मार्जिनचा त्रास होतो हे ऐकून होतो, पण स्प्रेडवाल्याला का?

सांगलीचा_बाजार

ब्रोकरने जास्तीचं मार्जिन लावलंय, दुसरं काही नाही. स्प्रेडला मार्जिन म्हणजे कमाल तोटा, एवढाच नियम आहे. २०० पॉइंटचा स्प्रेड, ६५ चा लॉट, १३,००० झाले. त्यातून मिळालेला प्रीमियम वजा करा. दहा-बारा हजारांच्या वर एक रुपया मागायचा ब्रोकरला अधिकार नाही. तक्रार करा आणि ब्रोकर बदला.

खडकवासला

सांगलीकर, १३,००० चा तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो मार्जिनचा एकच तुकडा आहे. मी काही वर्षं एका ब्रोकरच्या रिस्क डेस्कवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे इंडेक्स ऑप्शन विकला की मार्जिनचे दोन भाग लागतात. पहिला स्पॅन. त्यात क्लिअरिंग कॉर्पोरेशन तुमची त्या इंडेक्समधली सगळी पोझिशन एकत्र घेते आणि भाव इतका खाली गेला, इतका वर गेला, व्होलॅटिलिटी वाढली, घटली अशा सोळा परिस्थितींत तिचं काय होईल ते पाहते. सगळ्यात वाईट परिस्थितीतला तोटा म्हणजे स्पॅन. दुसरा भाग एक्स्पोजर. तो परिस्थिती वगैरे काही पाहत नाही. विकलेल्या पायाच्या पूर्ण काँट्रॅक्ट व्हॅल्यूवर सरळ २ टक्के.

आता तिकोनाकरांचेच आकडे घेऊ. निफ्टी २५,०००, लॉट ६५, म्हणजे काँट्रॅक्ट व्हॅल्यू १६,२५,०००. तिचे २ टक्के ३२,५००.

समजा फक्त २४,८०० चा पुट विकलाय, खाली काही घेतलेलं नाही. स्पॅन भावात किती हालचाल धरतो ते व्होलॅटिलिटीप्रमाणे बदलतं, हिशोबासाठी ९ टक्के धरू. निफ्टी २,२५० पॉइंट पडून २२,७५० ला आला, तर तो पुट २,०५० पॉइंट आत असेल. २,०५० गुणिले ६५ म्हणजे १,३३,२५०. त्यात एक्स्पोजरचे ३२,५०० मिळवले की एका नेकेड लॉटला साधारण १,६५,७५० लागतात.

आता खाली २४,६०० चा पुट घेतला. त्याच पडझडीत विकलेला पाय २,०५० पॉइंट आत आणि घेतलेला १,८५० पॉइंट आत, फरक २०० चाच राहतो. म्हणून स्पॅन १,३३,२५० वरून १३,००० च्या आसपास येतो. पण एक्स्पोजर? विकलेला पाय तोच आहे, त्याची काँट्रॅक्ट व्हॅल्यू तीच आहे. ३२,५०० जिथल्या तिथे. एकूण ४५,५००.

म्हणजे तुमच्या स्प्रेडचं जवळजवळ पाऊण मार्जिन एक्स्पोजरचं आहे. हेजमुळे स्पॅन आटतो, एक्स्पोजरला हेज दिसतच नाही.

आणि मंगळवारचं उत्तर इथेच आहे. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात एक्स्पायरीच्या दिवशी इंडेक्सच्या शॉर्ट ऑप्शनवर आणखी २ टक्के लावले, २० नोव्हेंबर २०२४ पासून. त्या दिवशी संपणाऱ्या ऑप्शनची जी शॉर्ट पोझिशन सकाळी उघडी असेल तिला ते लागतात आणि दिवसात नवीन केलेल्या शॉर्टलाही लागतात. हेज आहे की नाही हे इथेही पाहिलं जात नाही. एका लॉटला आणखी ३२,५००, म्हणजे ४५,५०० चे ७८,००० झाले. तीन लॉटचे २,३४,०००. तुमच्या खात्यात १,७०,०००. कमी पडले ६४,०००. ब्रोकरने पदरचं काहीच लावलेलं नाही.

तिकोनाकर

आकडा अगदी तंतोतंत जुळला, खडकवासला. म्हणजे नेकेड विकणाऱ्यालाही तेवढेच ३२,५०० वाढले असणार?

खडकवासला

हो, रुपयांत तेवढेच. पण त्याचे १,६५,७५० होते, ते १,९८,२५० झाले. वाढ वीस टक्क्यांच्या आतबाहेर. तुमची वाढ सत्तर टक्क्यांच्या वर गेली. एक्स्पायरीच्या नियमाचा चिमटा प्रमाणात पाहिलं तर स्प्रेडवाल्यालाच जास्त बसतो, आणि ज्याने मोकळं दिसतंय म्हणून जास्त लॉट घेतलेत त्याला सगळ्यात जास्त.

सांगलीचा_बाजार

एक्स्पोजरचा भाग माझ्या हिशोबात नव्हता, मान्य. पण मग हे अन्यायाचं आहे हे तरी कबूल करा. ज्याचा तोटा १०,०७५ च्या पुढे जाऊच शकत नाही त्याच्याकडून एक्स्पायरीला ७८ हजार अडवून ठेवायचे? दोन्ही पाय त्याच एक्स्चेंजवर, त्याच क्लिअरिंगकडे. धोका कोणाला आहे?

एडिसनवाला

मी न्यू जर्सीत असतो, इथल्या ऑप्शनमध्ये काम करतो, म्हणून तुलना म्हणून सांगतो. सांगलीकर म्हणतात तो नियम आमच्याकडे साध्या मार्जिन खात्याला शब्दशः लागू आहे. समजा शेअर २०० डॉलरला आहे, १९० चा पुट ३ डॉलरला विकला. शेअरच्या भावाचे २० टक्के म्हणजे ४०, पुट १० डॉलर बाहेर आहे म्हणून ते वजा, वर प्रीमियमचे ३. झाले ३३, म्हणजे शंभर शेअरच्या एका काँट्रॅक्टला ३,३०० डॉलर. त्याखाली १८५ चा पुट घेतला आणि हातात १.२० राहिले, तर ५०० वजा १२० म्हणजे ३८० डॉलर. विषय संपला. शॉर्ट पायावर वेगळं काही नाही.

फक्त एक आहे. इथे शेअरवरचे आणि ईटीएफवरचे ऑप्शन एक्स्पायरीच्या आधीही समोरचा वापरू शकतो. विकलेला पाय अचानक अंगावर आला तर एका रात्रीत शंभर-शंभर शेअर खात्यात येऊन बसतात आणि मार्जिनचं चित्रच बदलतं. तोटा तेव्हाही घेतलेल्या पुटमुळे मर्यादितच असतो, पण पैसे तात्पुरते खूप लागतात. निफ्टीचे ऑप्शन फक्त एक्स्पायरीलाच आणि रोखीत मिटतात, तो ताप तुम्हाला नाही.

मृण्मयी_नाशिक

माझा प्रश्नही हेजचाच आहे. माझ्या डीमॅटमध्ये एका बँकेचे एका लॉटपुरते शेअर आहेत. मी त्यावर कॉल विकते. शेअर हातात आहेत म्हणजे मी पूर्ण हेज आहे ना? मग नेकेडएवढंच मार्जिन का लागतं? की शेअर प्लेज केल्यावर ते हेज धरले जातात?

खडकवासला

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. स्पॅनला डेरिव्हेटिव्हचेच पाय दिसतात. डीमॅटमधले शेअर त्याच्या हिशोबात येतच नाहीत. तुमच्या दृष्टीने तो कव्हर्ड कॉल आहे, त्याच्या दृष्टीने नेकेड. प्लेज केल्यावर शेअर तारण बनतात, हेअरकट कापून जी किंमत उरते तेवढं मार्जिन त्यातून मिळतं. मार्जिनची मागणी मात्र तीच राहते. शिवाय त्यातला निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान तारणातून हवा, नुसत्या शेअरवर भागत नाही. मार्जिन खरंच कमी करायचं तर वरच्या स्ट्राइकचा कॉल घ्यावा लागेल.

आणि शेअरच्या ऑप्शनमध्ये स्प्रेड करणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे मिटवणी शेअरच्या देवघेवीने होते. एक्स्पायरीला भाव तुमच्या दोन स्ट्राइकच्या मध्ये थांबला, तर एक पाय आत आणि दुसरा शून्य. मग पूर्ण लॉटचे शेअर द्यायचे किंवा घ्यायचे. कागदावर ठरलेला तोटा ठरलेला राहत नाही. तुमच्याकडे शेअर आहेत म्हणून कॉलच्या बाजूने तुम्ही देऊ शकाल, पण बऱ्याच जणांकडे ते नसतात.

मृण्मयी_नाशिक

शेअर माझ्याकडे आहेत, त्यामुळे द्यायची वेळ आली तर देईन. पण निम्मी रोख हे माहीत नव्हतं. आता कळलं ब्रोकर दर महिन्याला व्याज का लावतो ते.

रत्नागिरी_३१

तिकोनाकर, खडकवासलांच्या हिशोबावरून एक गोष्ट निघते, तिच्यावर बोलू. तुमचा स्प्रेड २०० चा आहे. तो ४०० चा केला तर स्पॅन २६,००० होईल, एक्स्पोजर तेच ३२,५००. एकूण ५८,५००. रुंदी दुप्पट, मार्जिन फक्त १३,००० ने जास्त. म्हणजे अरुंद स्प्रेडमध्ये आपण एक्स्पोजरचं भाडं पूर्ण भरतो आणि जागा अर्धीच वापरतो. मी त्यामुळे लॉट कमी ठेवून रुंद स्प्रेड करतो.

तेच आयर्न काँडरचं. वरच्या बाजूला २५,२०० चा कॉल विकून २५,४०० चा घेतला, तर स्पॅन जवळपास वाढत नाही, कारण निफ्टी एकाच वेळी वर आणि खाली जाऊ शकत नाही. पण विकलेले पाय दोन झाले, म्हणून एक्स्पोजर ६५,०००. एकूण ७८,०००, आणि एक्स्पायरीला १,४३,०००. तोट्याची मर्यादा मात्र तीच, १३,००० वजा प्रीमियम.

तिकोनाकर

एक्स्पायरीला एक लाख त्रेचाळीस हजार? म्हणजे तेरा हजारांच्या जोखमीसाठी अकरा पट पैसा अडकवायचा.

वैशाली_ठाणे

मी या धाग्यावर एवढ्यासाठीच आले, की बाहेर पडतानाचा क्रम कोणी लिहिलेला दिसला नाही.

आत शिरताना बहुतेक जण आधी घेतलेला पाय टाकतात, कारण उलटं केलं तर ऑर्डरच नाकारली जाते. बाहेर पडताना मात्र हात पटकन जातो तो घेतलेल्या पायाकडे, विशेषतः बाजार पडलेला असतो आणि तो पुट फायद्यात दिसत असतो तेव्हा. तो आधी विकला की उरलेला शॉर्ट त्या क्षणापासून नेकेड. तिकोनाकरांच्या तीन लॉटला ४५,५०० च्या जागी प्रत्येकी १,६५,७५० लागतील, म्हणजे पाच लाखांना थोडे कमी. एक्स्चेंज दिवसात अनेकदा, न सांगता, मार्जिनचा फोटो काढतं. दोन मिनिटांनी तुम्ही शॉर्ट कापला तरी फोटो त्या दोन मिनिटांत निघाला असेल तर कमतरता नोंदवली जाते. कमतरता एक लाखाच्या वर असेल किंवा लागू मार्जिनच्या दहा टक्क्यांच्या वर असेल तर दंड एक टक्का. सव्वातीन लाखांच्या कमतरतेवर सव्वातीन हजार, म्हणजे एका लॉटच्या प्रीमियमहून जास्त.

आणि हा दंड ब्रोकर सोसेल असं समजू नका. हेजचा पाय क्लायंटने स्वतः मोडला असेल तर तो क्लायंटकडून घेता येतो. माझ्या मैत्रिणीच्या खात्यात तो असाच लागला होता, आणि महिनाअखेर लेजर पाहीपर्यंत तिला पत्ताही नव्हता. निकड असेल तेव्हासुद्धा आधी शॉर्ट कापायचा, मग लाँग.

खडकवासला

वैशालीताईंनी लिहिलेलं प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावं. त्याला जोडून कॅलेंडरचं सांगतो. विकलेला पुट या मंगळवारचा आणि घेतलेला पुढच्या मंगळवारचा असेल, तर एरवी त्याला स्प्रेडची सवलत मिळते. पण १ फेब्रुवारी २०२५ पासून एक्स्पायरीच्या दिवशी ती सवलत त्या दिवशी संपणाऱ्या पायाला मिळत नाही. तुमच्या डोळ्यांना हेज दिसतो, मार्जिनला नेकेड दिसतो. आणि घेतलेला पाय आधी संपत असेल तर ते आणखी वाईट. त्या संध्याकाळी तो गेला की दुसऱ्या दिवशी उरतो तो उघडा शॉर्ट.

सांगलीचा_बाजार

हे सगळं ऐकून मला वाटतं, नेकेडच बरं. मार्जिन जास्त आहे, पण एक पाय, एक ऑर्डर, दंडाची भानगड नाही. घेतलेल्या पुटचे ४५ रुपये दर आठवड्याला वाया जातात, तेही वाचतील. तोटा व्हायला लागला की स्टॉपलॉस आहेच.

खडकवासला

सांगलीकर, इथे मी थांबवतो तुम्हाला. ४ जून २०२४ आठवा, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६३.९० ला बंद झाला होता, त्या दिवशी २१,८८४.५० ला. जवळपास १,३८० पॉइंट, सहा टक्क्यांना थोडे कमी. अशा दिवशी स्टॉपलॉस तुम्ही लिहिलेल्या भावाला लागत नाही, मिळेल त्या भावाला लागतो.

पण तोट्याहून आधी नेकेडवाल्याला मार्जिन गाठतं, आणि या फरकावर फारसं कोणी बोलत नाही. नेकेड शॉर्टचं स्पॅन स्थिर नसतं. भाव तुमच्याकडे सरकला की वाढतं, कारण तीच ९ टक्क्यांची पडझड आता आणखी खोलवर जाते. व्होलॅटिलिटी वाढली की पडझडीची टक्केवारीच मोठी होते. दोन्ही एकाच दिवशी होतात, आणि त्याच दिवशी मार्क टू मार्केटने खात्यातली रोखही आटलेली असते. जो नेकेड शॉर्ट मार्जिनच्या काठावर घेतला आहे तो तोटा झेपत असूनही कापला जातो, आणि कापला जातो तो दिवसाच्या सगळ्यात वाईट भावाला. डेस्कवर असताना अशा दिवशी बहुतेक फोन तोट्याचे नसत, मार्जिनचे असत.

स्प्रेडचं स्पॅन मात्र रुंदीला जाऊन टेकतं. त्या दिवशी २०० चा स्प्रेड असता तर निफ्टी १,३८० पडो की २,८००, स्पॅन १३,००० च्या पलीकडे गेलं नसतं. उरलेली जी वाढ आहे, एक्स्पायरीची, ती आधीपासून ठाऊक असते. तिची तारीख कॅलेंडरवर लिहिता येते.

रत्नागिरी_३१

पटलं. पण मग स्वस्त मार्जिनचा धोकाही सांगायला हवा. एका नेकेड लॉटच्या पैशात तिकोनाकरांचे तीन स्प्रेड बसतात. मी कागदावर मांडून पाहिलं. नेकेडवाल्याला ९० प्रमाणे ५,८५० मिळाले, तीन स्प्रेडवाल्याला ४५ प्रमाणे ८,७७५. म्हणून स्प्रेड गोड वाटतो. एक्स्पायरीला निफ्टी २४,४०० ला आला असं धरा. नेकेडचा तोटा २०,१५०. तीन स्प्रेडचा तोटा ३०,२२५, म्हणजे पूर्ण मर्यादा. निफ्टी २४,२४५ च्या खाली गेल्यावरच नेकेडचा तोटा तीन स्प्रेडपेक्षा मोठा होतो. २३,५०० ला नेकेड ७८,६५० गमावतो, स्प्रेडवाला ३०,२२५ वरच असतो.

म्हणजे प्रचंड पडझडीत स्प्रेड वाचवतो, पण नेहमीच्या दोन-अडीच टक्क्यांच्या पडझडीत त्याच पैशातला स्प्रेडवाला जास्त गमावतो. आणि तशी पडझड कितीतरी जास्त वेळा येते.

सांगलीचा_बाजार

हेच तर म्हणतोय मी!

रत्नागिरी_३१

नाही हो, भाऊ. तुम्ही नेकेड बरं म्हणताय, मी लॉट मार्जिनवरून ठरवू नका म्हणतोय. एकाच स्प्रेडला एक नेकेड लॉट समोरासमोर ठेवा, २४,४०० ला १०,०७५ विरुद्ध २०,१५०. मार्जिनने मोकळे केलेले पैसे पुन्हा लॉटमध्ये घातले की हेजचा उपयोग आपणच खाऊन टाकतो.

एडिसनवाला

आमच्याकडे हा मोह आणखी मोठा, कारण ३,३०० च्या जागी ३८० लागतात. जवळजवळ नऊ पट. तिथे तुमचं एक्स्पोजर मला खरं तर बरं वाटतं, ते लोकांना लॉट वाढवू देत नाही.

तिकोनाकर

मग मी पुढच्या वेळी तीन लॉट घ्यायचेच असतील तर सुरुवातीपासून २,३४,००० धरूनच घ्यायचे, की सोमवारीच बाहेर पडायचं?

वैशाली_ठाणे

मी सोमवारी दुपारीच निघते. एक्स्पायरीच्या दिवशी स्ट्राइकच्या जवळ निफ्टी असेल तर मिनिटामिनिटाला प्रीमियम उड्या मारतो, त्यात मार्जिनची धावपळ नको.

रत्नागिरी_३१

मी थांबतो, पण दोन लॉटवर. दोन लॉटचे एक्स्पायरीला १,५६,००० होतात, तुमच्या १,७०,००० मध्ये बसतात. सोमवारी निघालं की शेवटच्या दिवसाचा जो प्रीमियम विरघळतो तो हातून जातो, आणि मुळात आपण त्यासाठीच विकतो.

खडकवासला

दोन्ही रीती चालतात, मी यात बाजू घेणार नाही. फक्त ऑर्डर टाकण्याआधी ब्रोकरच्या बास्केटमध्ये दोन्ही पाय टाकून जे मार्जिन दिसेल त्यात निफ्टी गुणिले लॉट गुणिले २ टक्के, प्रत्येक विकलेल्या पायासाठी, हाताने मिळवा. बास्केट आजचं मार्जिन दाखवतं, मंगळवारचं दाखवत नाही.

सांगलीचा_बाजार

आणि हेज असलेल्या पायावर एक्स्पोजर का, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

खडकवासला

मला पटणारं एक कारण आहे. घेतलेला पाय तुम्ही कधीही विकू शकता, तुमच्यावर तो ठेवायचं बंधन नाही. वैशालीताईंनी सांगितलेला प्रसंग दिवसात हजारो खात्यांत घडत असतो. पण त्यासाठी पीक मार्जिन आणि दंड आहेतच, मग वर हे कशाला, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे त्याला चोख उत्तर नाही.

सांगलीचा_बाजार

मग विचारतोच. एडिसनवाल्यांकडे चालतं ते आपल्याकडे का चालू नये?